नागपूर कराराचे काय झाले? हिवाळी अधिवेशनाला येणाऱ्या आमदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
मुक्काम नागपूर (हिवाळी अधिवेशनापुरता)

विषय: नागपूर करार, विकास मंडळे आणि अधिवेशनाचे दिवस यांबाबत

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही येणार हे आम्हाला वर्तमानपत्राच्या आधी सिव्हिल लाइन्समधल्या डांबरावरून कळते. रवी भवन, नाग भवन, आमदार निवासाला रंग लागतो, दुभाजकांवर कुंड्या येतात आणि मोर्चे अडवायचे बांबू पोलीस नेमके कुठे बांधणार हे सीताबर्डीचे रिक्षावालेही सांगू शकतात. तुमच्या येण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तुम्ही किती दिवस राहता आणि त्या दिवसांत काय करता याबद्दल.

२०२४ चे हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असे सहा दिवसांचे झाले. मंत्र्यांचा शपथविधी आदल्या दिवशी, १५ डिसेंबरला, इथल्याच राजभवनात झाला. खातेवाटप जाहीर झाले २१ तारखेला, म्हणजे अधिवेशन संपले त्या दिवशी. मंत्री सभागृहात बसले होते, पण सिंचनाचा मंत्री कोण, शिक्षणाचा कोण, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. मोर्चा घेऊन आलेल्या माणसाने निवेदन द्यायचे कुणाच्या हातात? सत्ताधारी आणि विरोधक, दोघांनीही ते अधिवेशन तसेच पार पाडले, म्हणून हे पत्र एका पक्षाला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे.

मी हा विषय एका सभेत काढला तेव्हा व्यासपीठावरून उत्तर मिळाले, "ताई, मराठी माणसात फूट पाडू नका." मी विचारले होते अधिवेशनाच्या दिवसांबद्दल. उत्तर मिळाले अस्मितेचे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत नागपूरकडून प्रशासनाचा कुठलाही प्रश्न आला की त्याला भाषेचे उत्तर द्यायची सवय महाराष्ट्राला लागली आहे. ती सवय मला मान्य नाही.

माझा संबंध काय, ते सांगते. माझे वडील जुन्या मध्य प्रदेशाच्या नागपूर सचिवालयात कारकून होते. ते राज्य द्विभाषिक होते. १९५० च्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही तिथल्या राजभाषा झाल्या होत्या. एकाच टेबलावर जबलपूरचा हिंदी अर्ज आणि यवतमाळचा मराठी अर्ज येई आणि दोन्हींवर टिपणी लिहिता येणारी माणसे त्या कचेरीत होती. १ नोव्हेंबर १९५६ ला ते राज्य मोडले. कुणी भोपाळला गेले, कुणी मुंबईला. आमचे वडील मुंबईला गेले आणि आम्ही आजीजवळ नागपूरच्या महाल भागात राहिलो. पुढे मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवले. भाषावार प्रांतरचनेचा धडा दर वर्षी आला आणि दर वर्षी कुठला तरी मुलगा विचारायचा, "मॅडम, मग विदर्भ वेगळा का मागतात? आपणही मराठीच ना?" या प्रश्नाचे उत्तर तुम्हालाही ऐकवायचे आहे.

काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्या भाषेच्या पायावर उभारायचे ठरवले ते डिसेंबर १९२० मध्ये, याच नागपूरच्या अधिवेशनात. भाषावार रचनेला देशात पहिला संघटित आकार इथे मिळाला. त्या आखणीत मराठीच्या वाट्याला एकच प्रांत आलेला नव्हता. महाराष्ट्र वेगळा, वऱ्हाड वेगळा, नागपूरचा मराठी मध्य प्रांत वेगळा आणि मुंबई शहर वेगळे. त्या लोकांना मराठी एक आहे हे कळत नव्हते असे कुणी म्हणणार नाही. राज्यकारभाराचा आणि लोकांचा व्यवहार एका भाषेत असावा, एवढीच त्यांची कसोटी होती. एका भाषेची सगळी माणसे एकाच छपराखाली हवीत, ही कसोटी नंतर आली.

डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये भाषावार प्रांतांच्या प्रश्नासाठी नेमलेल्या दार आयोगापुढे एकसंध महाराष्ट्राची बाजू मांडली होती. १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना त्यांनी ते मत बदलले आणि मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व अशी चार मराठी राज्ये सुचवली. राज्याची भाषा एक असावी हे त्यांना मान्य होते. एका भाषेला एकच राज्य असले पाहिजे, हे मान्य नव्हते. दीक्षाभूमीवर दर वर्षी डोके टेकवणाऱ्या नेत्यांनी त्यांचे तेवढे मत मात्र बाजूला ठेवलेले दिसते.

फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ च्या अहवालात आठ मराठी जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य सुचवले होते: बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा. लोकसंख्या सुमारे ७६ लाख. ती शिफारस बाजूला पडली, संयुक्त महाराष्ट्राचा लढा झाला, माणसे गोळीबारात मेली आणि १ मे १९६० ला आजचे राज्य आले. त्या लढ्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण विदर्भ या राज्यात आला तो नुसत्या भाषेच्या ओढीने नव्हे. तो काही अटींवर आला. त्या अटींचा कागद म्हणजे नागपूर करार.

२८ सप्टेंबर १९५३ ला हा करार झाला. पश्चिम महाराष्ट्राकडून भाऊसाहेब हिरे आणि यशवंतराव चव्हाण, मराठवाड्याकडून देवीसिंह चौहान, विदर्भाकडून रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर, शेषराव वानखेडे आणि इतर काही नेते त्यात होते. हे सगळे मराठी बोलणारेच होते, आणि तरी करार लेखी करावासा वाटला, हेच पाहण्यासारखे आहे. एक भाषा असली तरी निधी कुठे जाणार, नोकऱ्या कुणाला, न्यायालय कुठे, राजधानी गेल्यावर नागपूरचे काय, हे प्रश्न सुटत नाहीत, हे त्यांना दिसत होते.

करारात काय होते? महाविदर्भ, मराठवाडा आणि उरलेले राज्य, असे तीन घटक. खर्चाचा निधी घटकांना लोकसंख्येच्या प्रमाणात; मराठवाडा मागे असल्याने त्याकडे विशेष लक्ष. या वाटपाचा अहवाल दर वर्षी विधानसभेपुढे. मंत्रिमंडळात, सरकारी नोकऱ्यांत, धंदेशिक्षणाच्या जागांत लोकसंख्येचे प्रमाण. उच्च न्यायालयाचे दुसरे आसन नागपुरात. सरकार ठराविक काळासाठी अधिकृतपणे नागपूरला हलणार आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन दर वर्षी नागपुरात. शिवाय कारभाराचे विकेंद्रीकरण. १० मार्च १९६० ला यशवंतरावांनी मुंबईच्या विधानसभेत या कराराचा मान राखण्याची ग्वाही दिली.

यातले काय टिकले आणि काय झिरपून गेले, हे एकेक करून पाहिले की एक नियम हाती येतो. मला तो वर्गात फळ्यावर मांडायला आवडायचा.

सगळ्यात धड राहिलेली अट न्यायालयाची. का? कारण ती कायद्यात गेली. १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याच्या कलम ४१ मध्ये लिहिले आहे की उच्च न्यायालयाचे किमान तीन न्यायाधीश नागपुरात बसतील आणि बुलढाण्यापासून चांद्यापर्यंतच्या जिल्ह्यांची नावे घेऊन सांगितले आहे की तिथले खटले ते चालवतील. "किमान तीन" हा आकडा आहे, "बसतील" हे बंधन आहे आणि जिल्ह्यांची यादी आहे. त्यामुळे कुठल्याही सरकारला 'यंदा खंडपीठ मुंबईतच भरवू' असे म्हणता आले नाही. गोंदियाच्या शेतकऱ्याला जमिनीच्या अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही, ती त्या एका कलमामुळे.

आता अधिवेशनाची अट पाहा. सहा आठवड्यांचे अधिवेशन करारात ठरले होते, असे आमच्याकडे सभांमधून सर्रास सांगितले जाते. करारात सहा आठवडे नाहीत. 'ठराविक काळ' आहे, पण तो काळ किती हे ठरवलेलेच नाही. ही अट कुठल्या कायद्यातही गेली नाही. परिणाम समोर आहे. २०२० चे हिवाळी अधिवेशन करोनामुळे मुंबईत झाले, दोन दिवस. २०२१ चेही मुंबईत. साथ खरी होती, यात वाद नाही. पण ठिकाण बदलायला एकही कायदा आड आला नाही, हेही तितकेच खरे. आणि ज्या वर्षी अधिवेशन नागपुरात होते त्या वर्षी 'सरकार हलते' म्हणजे फायलींचे गठ्ठे आणि साहेब मंडळी आठवडा-दोन आठवड्यांसाठी येतात आणि निर्णयाची फाईल पुन्हा मुंबईला जाऊन तिथेच निघते.

याला कुणी नुसत्या मानपानाचा प्रश्न म्हणू नये. गडचिरोली, चंद्रपूर, वाशिमच्या माणसाला सरकार हाताच्या अंतरावर मिळते ते वर्षातून एवढ्याच दिवसांत. मुंबई नागपूरपासून रेल्वेने आठशे किलोमीटरांहून दूर आहे, गडचिरोलीहून त्याहून लांब. समृद्धी महामार्ग झाला, गाडीवाल्यांचा वेळ वाचला. निवेदन घेऊन येणारी भूमिहीन बाई त्यावरून येत नाही. म्हणून मोर्चे इथे येतात आणि इतके मोठे येतात. २३ नोव्हेंबर १९९४ ला अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी आलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली. बायका होत्या, मुले होती. सरकार नागपुरात आहे तोवर भेटले पाहिजे, या एका विचाराने ते आले होते. तुमचे दिवस जितके कमी, तितकी ही गर्दी एका दिवसावर अधिक लोटते. सहा दिवसांचे अधिवेशन म्हणजे त्यांच्यासाठी बंद होत आलेली खिडकी, एवढे लक्षात घ्या.

आता निधीकडे येते. इथे गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि फसवणूक, जाणूनबुजून नसली तरी, इथेच मोठी झाली आहे.

करारात निधीसाठी मोजमाप होते: लोकसंख्येचे प्रमाण. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात कलम ३७१(२) आले. त्यात राष्ट्रपती आदेश काढून राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकू शकतील, असे म्हटले: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळे, त्यांच्या कामाचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे, विकासनिधीचे समन्यायी वाटप, तंत्रशिक्षण आणि नोकऱ्यांत पुरेशी संधी. वाचताना बरे वाटते. पण लोकसंख्येचे प्रमाण या कलमात नाही. त्या जागी 'समन्यायी' आहे आणि तेही 'संपूर्ण राज्याच्या गरजा लक्षात घेऊन'. मोजपट्टी गेली आणि सदिच्छा आली. शिवाय राष्ट्रपती आदेश काढू शकतील; काढलाच पाहिजे असे नाही. तो आदेश निघायला १९९४ उजाडले. म्हणजे अडतीस वर्षे हे कलम नुसते छापलेले होते.

मधल्या काळात, १९८३ मध्ये, सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिने १९८४ च्या अहवालात राज्याचा अनुशेष ३१८६.७८ कोटी रुपये काढला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा सुमारे साडेतेवीस टक्के. राहिलेला, सुमारे ३७ टक्के, उर्वरित महाराष्ट्राचा. हा शेवटचा आकडा आमच्याकडचे वक्ते सांगत नाहीत. कोकणातले आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातले जिल्हेही मागे होते, हे मान्य करूनच बोलले पाहिजे.

अनुशेष कसा काढतात, हे एकदा नीट समजून घ्या, कारण सभागृहात हा शब्द फार सैल वापरला जातो. रस्ते, सिंचन, वीज, आरोग्य असे एकेक क्षेत्र घ्यायचे. त्याचा एक निर्देशक ठरवायचा. राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याची तूट मोजायची आणि ती भरायला लागणारा खर्च म्हणजे त्या जिल्ह्याचा अनुशेष. उदाहरणासाठी काल्पनिक आकडे घेते. समजा राज्यात पेरणीखालच्या दर शंभर हेक्टरांमागे सरासरी ३० हेक्टरांना पाणी मिळते आणि एका जिल्ह्यात १८ हेक्टरांना. तूट शंभरामागे १२ हेक्टर. जिल्ह्यात पाच लाख हेक्टर पेरणी असेल तर साठ हजार हेक्टर सिंचन कमी. एक हेक्टर भिजवायला एक लाख रुपये लागत असतील तर अनुशेष सहाशे कोटी.

गडबड इथून पुढे होते. ज्या तारखेला ही तूट मोजली त्या तारखेला ती गोठते. सरकार पुढची दहा वर्षे त्या जिल्ह्याला थोडे थोडे करून सहाशे कोटी देते आणि जाहीर करते की अनुशेष संपला. पण तोवर एक हेक्टर भिजवायचा खर्च दोन लाखांवर गेलेला असतो. भूसंपादन रखडते, धरण होते पण कालवा होत नाही, कालवा होतो पण शेतापर्यंतची चारी होत नाही. पैसे सहाशे कोटी पुरे खर्च झाले. भिजले तीस हजार हेक्टर किंवा त्याहून कमी. शिवाय त्याच दहा वर्षांत राज्याची सरासरी वर सरकली, ती नवी तूट कुणीच मोजली नाही. हिशेबाच्या वहीत अनुशेष शून्य आणि शेतकरी बांधावर उभा, आभाळाकडे बघत.

ही काल्पनिक अडचण नाही. सिंचनाचा आर्थिक अनुशेष भरून निघाल्याचे सांगितले गेले तरी अमरावती विभागातल्या जिल्ह्यांचा भौतिक अनुशेष मागे उरला, हे सरकारी कागदांतच आहे. हा फरक ओळखायचा असेल तर मंत्र्यांना 'किती कोटी दिले' असे विचारू नका. 'किती हेक्टरांना, कुठल्या चारीने, कुठल्या हंगामात पाणी पोहोचले' असे विचारा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळते. दुसऱ्याला माहिती घेऊन सांगतो म्हणतात.

हे प्रश्न दर वर्षी, आकड्यांसह, विचारायला एक संस्था हवी होती. विकास मंडळे त्यासाठीच होती. १९८४ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने मंडळांची मागणी केली, १९९४ मध्ये ती आली आणि राज्यपालांचे निधीवाटपाचे निर्देशही पुढे येऊ लागले. मंडळे सर्वगुणसंपन्न होती असे मी म्हणत नाही. त्यांना खर्चाचे अधिकार नव्हते, अभ्यासाचे आणि शिफारशीचे होते. बऱ्याच नेमणुका राजकीय सोयीच्या झाल्या. पण त्यांच्यामुळे आकडे एका जागी येत आणि विधानसभेपुढे ठेवावे लागत. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. मुदतवाढ मिळाली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने पुनर्गठनाचा निर्णय घेतला, त्याच्या बातम्या झाल्या, पेढे वाटले गेले. मंडळे अजून उभी राहिलेली नाहीत. मधल्या काळात वेगवेगळ्या पक्षांची सरकारे आली आणि गेली. या एका बाबतीत सगळ्यांचे एकमत दिसते.

विधानसभेच्या २८८ जागांपैकी विदर्भाच्या ६२ आहेत. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेपूर्वी ६६ होत्या. लोकसंख्येच्या नियमाने त्या कमी झाल्या, त्याबद्दल ओरड करण्यात अर्थ नाही. पण ६२ माणसे २८८ जणांच्या सभागृहात बहुमताने काही मिळवू शकत नाहीत, हे १९५३ मध्येही उघड होते. म्हणून तर करार झाला आणि म्हणूनच घटनेत कलम आले. संरक्षण बहुमताच्या मर्जीवर सोडायचे असेल तर ते संरक्षण नव्हेच.

'मग काय, राज्य तोडायचे?' असे तुम्ही विचाराल. २८ सप्टेंबरला इथे कराराच्या प्रतींची होळी होते, १ मे ला काळे झेंडे लागतात. मी त्यांत जात नाही. कराराची होळी करणे मला पटत नाही, कारण उद्या तोच कागद पुरावा म्हणून लागणार आहे. पण त्या माणसांना मराठीद्रोही म्हणणेही मला पटत नाही. तेलुगूचे उदाहरण तुमच्यासमोर आहे. पोट्टी श्रीरामुलूंच्या उपोषणातल्या मृत्यूनंतर १ ऑक्टोबर १९५३ ला भाषेच्या नावाने आंध्र राज्य झाले. तेलंगणासाठी पुनर्रचना आयोगाने वेगळी वाट सुचवली होती. ती न घेता २० फेब्रुवारी १९५६ ला तिथल्या नेत्यांनीही एक सज्जनांचा करार केला: प्रादेशिक समिती, स्थानिकांना नोकऱ्या, तेलंगणाचा शिल्लक महसूल तेलंगणात. तोही विस्मरणात गेला. १९६९ मध्ये तिथे आगडोंब उसळला आणि २ जून २०१४ ला तेलुगूची दोन राज्ये झाली. तेलुगूचे त्यात काही बिघडले नाही. बिघडले होते ते आधी, करार मोडला तेव्हा.

आणि एक बेळगावचे. सीमाभागासाठी आपण २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलो. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि लोकांची भाषा ही आपली मांडणी आहे आणि ती मला योग्य वाटते. कर्नाटकाने २०१२ मध्ये बेळगावात सुवर्ण विधानसौध बांधून उघडले, तिथे हिवाळी अधिवेशन भरवतात. आपण म्हणतो, हा देखावा आहे. दहा दिवस सरकार आणून बसवले म्हणजे माणसे आपली होत नाहीत. बरोबर आहे. मग नागपुरात सहा दिवसांत आपण काय करतो, ते एकदा आरशात पाहायला हवे.

भाषेवर माझे कमी प्रेम आहे असे कुणी समजू नये. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मी शेजाऱ्यांना लाडू दिले. पहिलीपासून हिंदीचा निर्णय २०२५ च्या जूनअखेर सरकारला मागे घ्यावा लागला, तेही मला योग्यच वाटले. इतवारीत हिंदीत भाव करणाऱ्या नागपूरकराला हिंदी पहिलीत शिकवायची गरज नाही, ती त्याला फुकट येते. पण त्या उन्हाळ्यात मराठीसाठी जेवढा आवाज सभागृहात आणि बाहेर उठला त्याच्या दहावा हिस्सा आवाज विकास मंडळांसाठी उठल्याचे मला आठवत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

विकास मंडळे तातडीने पुन्हा उभी करा. राज्याचा निर्णय झालेला आहे. केंद्राकडून राष्ट्रपतींचा आदेश मिळवण्यासाठी दोन्ही सभागृहांनी १९८४ सारखा एकमताचा ठराव याच अधिवेशनात करा आणि पाठपुरावा कोण करणार, त्या मंत्र्याचे नाव जाहीर करा. मंडळांवर त्या त्या भागातले सिंचन, शेती, आरोग्य जाणणारे लोक घ्या. निवडणुकीत पडलेल्यांची सोय तिथे लावू नका.

नागपूर अधिवेशनाचा कायदा करा. खंडपीठाच्या कलमासारखा, आकड्यासह. कामकाजाचे किमान वीस दिवस, ही माझी मागणी आहे. तुम्हाला पंधरा वाटत असतील तर पंधरा लिहा, पण लिहा. खातेवाटप झालेले नसताना हे अधिवेशन घेता येणार नाही, हेही त्यात असू द्या. आपत्तीत ठिकाण बदलावे लागले तर ते दिवस त्याच वर्षात नागपुरात भरून काढायची तरतूद ठेवा.

अनुशेष भौतिक मोजा आणि दर पाच वर्षांनी नव्याने मोजा. खर्च झालेला रुपया म्हणजे भरलेला अनुशेष, ही पद्धत बंद करा. तिन्ही विभागांतला निधी, सरकारी भरती आणि व्यवसायशिक्षणाच्या जागा यांचा लोकसंख्येशी पडताळा दाखवणारा एक तक्ता दर वर्षी सभागृहापुढे ठेवा. कराराने हेच मागितले होते आणि त्यासाठी घटना बदलावी लागत नाही.

शेवटची मागणी सभापती आणि अध्यक्ष महोदयांकडे आहे. विदर्भ किंवा मराठवाड्याच्या प्रश्नावर एखादा सदस्य आकडे मागत असेल आणि उत्तरात त्याला मराठी एकजुटीचे भाषण मिळत असेल, तर मंत्र्यांना थांबवा आणि आकडे द्यायला लावा.

या मागण्यांचे पुढे काय झाले, ते आम्ही नागपूरकर येत्या अधिवेशनात प्रेक्षक सज्जातून पाहू. पास मिळाला तर.

आपली,
नागपूरची एक निवृत्त शिक्षिका
महाल, नागपूर